ऑनलाइन डॉक्टर खरंच नोंदणीकृत आहे का, हे माहिती भरण्याआधी कसं तपासायचं?

सांजवारा
बहिणीसाठी विचारतेय. तिला थायरॉइडचा जुना त्रास आहे, त्यात दोनदा गर्भपात झालाय आणि मधे वर्षभर नैराश्याच्या गोळ्या चालू होत्या. आता दुसरं मत घ्यायचंय आणि ती प्रवास करू शकत नाही म्हणून ऑनलाइन सल्ला देणारी एक साइट तिला कुणीतरी सुचवली. मी काल तिच्यासोबत बसून फॉर्म उघडला तर चार पानी फॉर्म आहे. पहिल्या पानावर नाव, वय, फोन. दुसऱ्यावर चालू औषधं, ऑपरेशन्स, बाळंतपणं, गर्भपात, मानसिक आजार, सगळं. तिसऱ्यावर रिपोर्ट अपलोड करा. चौथ्यावर पैसे. आणि हे सगळं झाल्यावर "तुमच्यासाठी योग्य डॉक्टर नेमले जातील".
डॉक्टरांच्या पानावर सहा हसरे फोटो आहेत, नावापुढे एमडी, "१८ वर्षांचा अनुभव" वगैरे, पण नोंदणी क्रमांक एकाचाही नाही. आम्ही दुसऱ्या पानावर थांबलो. तिचं म्हणणं एवढंच की ज्या माणसाला मी हे सांगणार तो डॉक्टर आहे का ते मला आधी कळायला हवं. मला ते बरोबरच वाटतं पण तपासायचं कसं ते माहीत नाही. कुणी केलंय का असं?

भटकभवानी
मी तर पत्त्याच्या पट्टीत कुलूप आहे का बघते आणि खाली लोकांचे अभिप्राय वाचते. कुलूप असेल आणि चारच्या वर तारे असतील तर बिनधास्त. आजवर काही त्रास नाही झाला.

आजोबा_ऑनलाइन
थायरॉइडसाठी एंडोक्रायनॉलॉजिस्टलाच दाखवा, साध्या फिजिशियनला नको. माझ्या सौभाग्यवतींना गोळीचा डोस तीन वेळा बदलावा लागला होता. सकाळी उपाशीपोटी गोळी घेता ना? चहाच्या आधी अर्धा तास तरी.

सांजवारा
काका, गोळीचं सगळं नीट चालू आहे, धन्यवाद. प्रश्न डॉक्टर कोणता हा नाहीये, समोरचा डॉक्टर आहे का हा आहे.

टिपकागद
@भटकभवानी, ते कुलूप एवढंच सांगतं की तुमच्या ब्राउझरपासून त्यांच्या सर्व्हरपर्यंत मधे कुणी वाचणार नाही. सर्व्हरवर कोण बसलंय त्याबद्दल ते अवाक्षर काढत नाही. भामट्याच्या साइटलाही कुलूप फुकटात मिळतं. आणि त्यांच्याच साइटवर दिसणारे अभिप्राय म्हणजे कुठले ठेवायचे ते तेच ठरवणार ना.

खडूफळा
सांजवारा, भारतातली साइट असेल तर नियम तुमच्या बाजूने आहे. मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात स्पष्ट लिहिलंय की साइटने यादीतल्या प्रत्येक डॉक्टरचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक आणि संपर्क द्यायला हवा. डॉक्टरने स्वतःही आपला क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर, वेबसाइटवर, पेशंटला पाठवलेल्या मेसेजमध्ये आणि पावतीवर टाकायला हवा. म्हणजे क्रमांक मागणं हा काही आगाऊपणा नाही.
आता करायचं काय, तर साइटच्या चॅटवर लिहा की अमुक डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि कुठल्या राज्याच्या कौन्सिलचा ते कळवा. दोन्ही लागतात. नुसता क्रमांक पुरत नाही कारण प्रत्येक राज्याची मेडिकल कौन्सिल स्वतंत्र क्रमांक देते, तोच आकडा दोन राज्यांत दोन वेगळ्या डॉक्टरांचा असू शकतो. मग नॅशनल मेडिकल कमिशनच्या साइटवर इंडियन मेडिकल रजिस्टरमध्ये जाऊन टाकायचं. ते पानही साइटने दिलेल्या लिंकवरून उघडू नका, पत्ता स्वतः टाइप करा.
सापडलं की झालं.

सांजवारा
खूप आभार. आत्ताच चॅटवर विचारलंय.

पिंपळपान
मी ब्रिटनमध्ये असते. इथे जनरल मेडिकल कौन्सिलचं रजिस्टर कुणालाही फुकट बघता येतं, प्रत्येक डॉक्टरला सात आकडी क्रमांक असतो. पण एक खोच आहे. नाव रजिस्टरमध्ये असणं आणि प्रॅक्टिसचा परवाना असणं या इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणी आहे पण परवाना नाही असेही डॉक्टर असतात, त्यांना पेशंट बघता येत नाही. शिवाय कुणावर अटी घातल्या असतील किंवा निलंबन असेल तर तेही तिथेच दिसतं. त्यामुळे नाव दिसलं की पान बंद करू नका, स्टेटसची ओळ वाचा. माझ्या मैत्रिणीने नाव बघून हुश्श केलं होतं आणि स्टेटसमध्ये "without a licence to practise" असं लिहिलेलं होतं, मी दाखवल्यावर कळलं.

जाईजुई
ऑस्ट्रेलियात पण तसंच. अहप्राचं रजिस्टर आहे, डॉक्टरांचा क्रमांक MED ने सुरू होतो. नर्सचा, फिजिओचा वेगळ्या अक्षरांनी. त्यामुळे "आमचे क्लिनिशियन" असं मोघम लिहिलेलं असेल तर त्या अक्षरांवरूनच कळतं समोर नक्की कोण आहे.

कोरा_कागद
अमेरिकेत राज्यागणिक परवाना. पेशंट ज्या राज्यात बसलाय तिथला परवाना डॉक्टरकडे लागतो, साधारणपणे. आणि बऱ्याच साइट "एनपीआय व्हेरिफाइड" असं ठळक लिहितात, त्याला भुलू नका. एनपीआय हा बिलं पाठवण्यासाठीचा दहा आकडी नंबर आहे, तो असला म्हणजे परवाना आहे असं नाही. परवाना त्या राज्याच्या मेडिकल बोर्डाच्या साइटवरच बघायचा.

सांजवारा
आलं उत्तर! दोनदा विचारावं लागलं, पहिल्यांदा "आमचे सर्व डॉक्टर व्हेरिफाइड आहेत" एवढंच म्हणाले, दुसऱ्यांदा क्रमांक आणि कौन्सिल दोन्ही दिलं. रजिस्टरमध्ये टाकलं आणि सापडलं 😊 नाव तेच, आडनाव तेच. नोंदणी १९८९ ची आहे, एमबीबीएस. जिवात जीव आला. आज संध्याकाळी फॉर्म पूर्ण करतो.

खडूफळा
छान. झालं काम.

अबोली
सांजवारा, जरा थांबा, आज संध्याकाळी भरू नका.
मी डॉक्टर आहे आणि यातून स्वतः गेले आहे म्हणून लांबण लावते. दोन वर्षांपूर्वी मला एका बाईंचा दवाखान्याच्या लँडलाइनवर फोन आला की मॅडम तुम्ही दिलेल्या गोळीने अंगावर पुरळ उठलंय, थांबवू का. मी म्हटलं तुमचं नाव काय, केव्हा आला होतात. त्या म्हणाल्या आलो नाही, चॅटवर दाखवलं. त्यांनी मला प्रिस्क्रिप्शनचा फोटो पाठवला. वर माझं नाव, माझी पदवी, माझा नोंदणी क्रमांक, अगदी अचूक. खाली सही मात्र कुणाची तरी वेगळीच, आणि मी आयुष्यात त्या साइटचं नावही ऐकलं नव्हतं. त्या बाईंनी क्रमांक तपासला होता! रजिस्टरमध्ये माझं नाव आलं म्हणून विश्वास ठेवून सगळी माहिती दिली होती. माझी नोंदणी खरीच आहे, पण त्यांच्याशी बोललं ते मी नव्हते.
आमचे क्रमांक गुप्त नसतात. प्रत्येक प्रिस्क्रिप्शनवर छापलेले असतात, दवाखान्याच्या पाटीवर असतात. कुणालाही उचलता येतात. त्यामुळे क्रमांक सापडला म्हणजे असा एक डॉक्टर अस्तित्वात आहे एवढंच कळलं. स्क्रीनच्या पलीकडचा माणूस तोच आहे का, हा प्रश्न तसाच उरतो.
आता तुमच्या नोंदीकडे बघा. १९८९ ची नोंदणी म्हणजे तेव्हा ते किमान तेवीस-चोवीस वर्षांचे, आज साठीच्या आसपास. साइटवर १८ वर्षांचा अनुभव लिहिलाय असं तुम्हीच वर म्हणालात. फोटोतला माणूस किती वर्षांचा दिसतो? साइट एमडी म्हणते, रजिस्टरमध्ये एमडी आहे का?

सांजवारा
अबोली, अंगावर काटा आला वाचून. परत उघडून बघितलं. फोटोतले गृहस्थ पस्तिशीचे असतील फार तर. रजिस्टरमध्ये पदवी फक्त एमबीबीएस, १९८८. एमडी कुठेच नाही. कौन्सिल पण दुसऱ्याच राज्याची आहे, म्हणजे साइटवर ते जिथले म्हणून सांगितलंय तिथली नाही. हे सगळं मी सकाळीही बघितलं होतं, पण नाव जुळल्यावर बाकीच्या ओळी वाचल्याच नाहीत.

खडूफळा
अबोलीताई, तुमचा मुद्दा मान्य, मी "सापडलं की झालं" म्हणालो ते घाईचं होतं. पण मग एमडी नाही म्हणजे खोटा, असं धरायचं का?

अबोली
नाही, तसंही धरू नका. पीजीची पदवी कौन्सिलकडे वेगळी नोंदवावी लागते, काही जण वर्षानुवर्षं नोंदवत नाहीत. नोंदवली तरी राज्याकडून राष्ट्रीय रजिस्टरमध्ये यायला वेळ लागतो, कधी येतच नाही. म्हणून राष्ट्रीय रजिस्टरमध्ये काही कमी दिसलं तर त्या राज्याच्या कौन्सिलच्या साइटवरही बघायचं. दुसऱ्या राज्यात मूळ नोंदणी असणं पण सर्रास आहे, शिक्षण एकीकडे आणि प्रॅक्टिस दुसरीकडे. माझ्या नोंदीत माझं माहेरचं नाव आहे, पाटीवर सासरचं. कुणी तपासलं तर मीच खोटी ठरेन.
एकेका गोष्टीला कारण असू शकतं. पण वय जुळत नाही, अनुभव जुळत नाही, पदवी जुळत नाही, राज्य जुळत नाही, हे चारही एकाच माणसाबाबत असेल तर मी माझ्या बहिणीला तिथे काही सांगू देणार नाही. आणि त्यातही वय सगळ्यात बोलकं, कारण नोंदणीचं वर्ष काही मागेपुढे होत नाही.

मोरपंखी
माझे मामेसासरे आयुर्वेदाचे डॉक्टर आहेत, चाळीस वर्षं प्रॅक्टिस. मी त्यांचं नाव त्या रजिस्टरमध्ये टाकलं तर नाहीच आलं! मग ते काय बोगस झाले का? मला या सरकारी साइट्सवर विश्वासच नाही.

अबोली
मोरपंखी, ते तिथे नसणारच. बीएएमएस आणि बीएचएमएस यांची नोंदणी वेगळ्या कौन्सिलकडे असते, डेंटिस्टची आणखी वेगळी. इंडियन मेडिकल रजिस्टर फक्त ॲलोपॅथीच्या डॉक्टरांचं. मामा त्यांच्या कौन्सिलच्या यादीत नक्की असतील. पण तुमचा प्रश्न उपयोगी आहे, कारण "डॉ." तिघेही लावतात. साइटने पदवी लिहिलेली नसेल तर कुठलं रजिस्टर उघडायचं हेच कळत नाही.

टिपकागद
सांजवारा, दोन गोष्टी मी सांगतो, प्रत्येकी पाच मिनिटांचं काम. एक, तो फोटो सेव्ह करून इमेज सर्चमध्ये टाका, कुठे कुठे वापरलाय ते दिसेल. दोन, lookup.icann.org वर साइटचा पत्ता टाका आणि "Created" ची तारीख बघा. साइट म्हणते आम्ही बारा वर्षं सेवेत आहोत आणि पत्ता तीन महिन्यांपूर्वी घेतलेला असेल तर काय ते समजा. उलट तारीख जुनी असली म्हणून काही सिद्ध होत नाही हे मात्र लक्षात ठेवा, जुने पत्ते विकत मिळतात.

भटकभवानी
बापरे, मी एवढं कधीच नाही केलं. इतकं करत बसलं तर ताप उतरून जाईल 😅

पिंपळपान
@भटकभवानी, तापासाठी नकाच करू. पण या ताईंच्या बहिणीची माहिती बघा ना, गर्भपात, नैराश्य. एकदा दिली की परत घेता येत नाही.

रानवाट
पिंपळपान +१. माझ्या वडिलांचं सांगतो. गुडघ्यासाठी म्हणून एका साइटवर फॉर्म भरला, अर्ध्यात त्यांना शंका आली म्हणून सोडून दिला. सबमिट केलाच नाही. दुसऱ्या दिवसापासून फोन, गुडघ्याचं तेल, पट्टे, "तुमच्या मधुमेहासाठी खास". मधुमेह त्यांनी दुसऱ्या पानावर लिहिला होता! मग लक्षात आलं की प्रत्येक पानावर "पुढे" दाबलं की ते पान तिकडे पोचलेलं असतं. शेवटचं बटण म्हणजे पैशाचं, माहिती तर आधीच गेलेली. साइटचं नाव लिहीत नाही इथे.
सांजवारा, तुम्ही कुठल्या पानावर थांबलात?

सांजवारा
दुसऱ्यावर. पहिल्यावर "पुढे" दाबलं होतं, म्हणजे नाव, वय, फोन गेला. दुसरं पान भरत होतो, दाबलं नव्हतं. पण असं टाइप करतानाच सेव्ह होत असेल तर?

टिपकागद
काही फॉर्म तसंही करतात, खाली "मसुदा जतन झाला" असं बारीक अक्षरात येतं. आलं होतं का?

सांजवारा
बहिणीला विचारलं, ती म्हणते आठवत नाही. दुसऱ्या पानावर आम्ही फक्त थायरॉइडची गोळी लिहिली होती. पुढच्या रकान्यावर, म्हणजे गर्भपाताच्या, ती थांबली आणि म्हणाली, ताई, हे वाचणार कोण?

लिंबलोण
मी एक युक्ती करते. रिपोर्टवर नाव झाकून पाठवते. पीडीएफमध्ये काळी पट्टी ओढायची नावावर. म्हणजे डॉक्टर खोटा निघाला तरी कळत नाही कुणाचा रिपोर्ट आहे ते.

टिपकागद
लिंबलोण, ती पट्टी नुसती वर ठेवलेली असते. पीडीएफमधलं सगळं सिलेक्ट करून दुसरीकडे पेस्ट केलंत तर खालचं नाव जसंच्या तसं बाहेर येतं, करून बघा. झाकायचंच तर पट्टी ओढल्यावर स्क्रीनशॉट काढून तो पाठवा. आणि कोपऱ्यातला क्यूआर विसरू नका, कित्येक लॅबच्या रिपोर्टवरचा क्यूआर स्कॅन केला की लॅबच्या साइटवरचा पूर्ण रिपोर्ट नावासकट उघडतो.

लिंबलोण
करून बघितलं. आलं नाव. पाच वर्षं पाठवतेय मी असे.

अबोली
लिंबलोण, मला डॉक्टर म्हणून हे नाव झाकणं पटत नाही. निनावी सल्ला मुळात चालत नाही, त्या २०२० च्या तत्त्वांमध्येच आहे की पेशंटला डॉक्टर कोण ते आणि डॉक्टरला पेशंट कोण ते, दोघांनाही कळलं पाहिजे. आणि नाव झाकायची सवय लागली की लोक हळूहळू आजारही झाकतात. नैराश्याची गोळी चालू आहे हे सांगितलं नाही आणि मी तिच्याशी न जुळणारं काही दिलं तर? ॲलर्जी लपवली तर? डॉक्टर खरा ठरल्यावर त्याच्यापासून काही लपवू नका. आणि खरा ठरलेला नसेल तर झाकलेला रिपोर्टही देऊ नका.

लिंबलोण
तुमचं बरोबर असेल, पण खऱ्या डॉक्टरच्या साइटवरूनही माहिती फुटू शकते ना. मी झाकणं सोडणार नाही, फक्त आता नीट झाकेन.

सांजवारा
फोटो शोधला. तो माणूस आणखी दोन साइटवर आहे, दोन वेगळ्या नावांनी. एका ठिकाणी तो दातांचा डॉक्टर आहे!!

कोरा_कागद
विकतचा फोटो. पण त्यामुळे डॉक्टर खोटा असं लगेच नाही म्हणता येणार, साइट बनवणाऱ्याने जागा भरायला काहीही टाकलेलं असतं.

अबोली
हेही बरोबर. म्हणून शेवटी खऱ्या डॉक्टरपर्यंत पोचणं हाच पक्का मार्ग. त्या नावाचे साठीचे डॉक्टर कुठे प्रॅक्टिस करतात ते शोधा. बहुतेकदा एखाद्या हॉस्पिटलच्या यादीत सापडतात. फोन नंबर त्या हॉस्पिटलच्या साइटवरून घ्या, सल्ल्याच्या साइटने दिलेला घेऊ नका, तिथे फोन केलात तर तेच उचलतील आणि हो म्हणतील. रिसेप्शनला एकच प्रश्न विचारा, डॉक्टर अमुक साइटवर ऑनलाइन बघतात का. बहिणीच्या आजाराचं काही सांगायची गरज नाही.

आजोबा_ऑनलाइन
हे उत्तम. आम्ही पूर्वी स्थळ आलं की असंच करायचो, मुलाच्या ऑफिसात परस्पर फोन. मुलाने दिलेल्या नंबरवर कधीच नाही!

भटकभवानी
काका 😄😄

सांजवारा
(दोन दिवसांनी)
उशिरा लिहितेय, माफ करा. ते डॉक्टर सापडले, एका हॉस्पिटलच्या यादीत. तिथे फोटोही आहे, पांढरे केस, चष्मा. नावासोबत एमबीबीएसची संस्था दिलीय ती रजिस्टरशी जुळते. पहिल्या दिवशी रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली मला माहीत नाही, विचारून सांगते. काल त्यांच्या सहाय्यकांचा फोन आला. डॉक्टर कुठल्याही साइटवर ऑनलाइन बघत नाहीत, आणि ते शस्त्रक्रियेचे आहेत, थायरॉइडच्या गोळ्यांचं ते बघतच नाहीत. त्यांनी साइटचं नाव लिहून घेतलं.
मग मी साइटला चॅटवर विचारलं की तुम्ही दिलेला क्रमांक ज्यांचा आहे ते तर नाही म्हणतात. उत्तर असं आलं, शब्दशः: "तो नोंदणी क्रमांक आमच्या वरिष्ठ मार्गदर्शक डॉक्टरांचा आहे, सल्ला आमची टीम देते." म्हटलं टीममधल्या कुणाचा क्रमांक द्या. तेव्हापासून उत्तर नाही.

खडूफळा
वरिष्ठ मार्गदर्शक असं काही असतं का? मला खरंच माहीत नाही. हॉस्पिटलमध्ये पण ज्युनियर डॉक्टर बघतात ना सरांच्या नावाखाली.

अबोली
बघतात, पण ते ज्युनियर स्वतः नोंदणीकृत असतात आणि सर तिथे असतात, पेशंटची जबाबदारी घेतात. ऑनलाइन जो सल्ला देतो, ज्याची सही प्रिस्क्रिप्शनवर येते, त्याचाच क्रमांक हवा. दुसऱ्याचा क्रमांक आणि तिसऱ्याचाच सल्ला असं चालत नाही. त्यात ते सर स्वतःच नाही म्हणतायत.
तक्रारीचं सांगायचं तर कौन्सिल आपल्याकडे नोंदलेल्या डॉक्टरवर कारवाई करू शकते. इथे नोंदलेला डॉक्टर तुमच्याच बाजूला आहे आणि पलीकडे कोण आहे ते माहीत नाही. माझ्या वेळी मी पोलिसात लेखी दिलं आणि कौन्सिललाही कळवून ठेवलं, म्हणजे उद्या कुणी माझ्या नावाने तक्रार केली तर कागद हवा म्हणून. ती साइट बंद झाली, पण त्यामागे कोण होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

रानवाट
सांजवारा, पहिल्या पानावर गेलेला नाव-फोन काढून टाकायला लेखी सांगा त्यांना. वडिलांच्या वेळी आम्ही ईमेल केला, उत्तर आलं नाही पण फोन बरेच कमी झाले. त्यामुळेच की आपोआप, ते सांगता येत नाही.

सांजवारा
केला ईमेल. आणि बहिणीसाठी दुसरीकडे वेळ घेतली. तिथे डॉक्टर आधी निवडायचा, नावाखालीच क्रमांक आणि कौन्सिल होतं, रजिस्टरमध्ये वर्ष, पदवी, राज्य सगळं जुळलं, हॉस्पिटलला फोन केला तर ते म्हणाले हो, मंगळवार-शुक्रवार बघतात ऑनलाइन. फॉर्ममध्ये आम्ही फक्त "थायरॉइड, दुसरं मत" एवढंच लिहिलं, बाकी रकाने रिकामे सोडले तरी पुढे जाता आलं.

जाईजुई
वा. आणि कॉलवर?

सांजवारा
कॉलवर बाईंनी आधी स्वतःचं नाव आणि पदवी सांगितली, मग बहिणीला नाव-वय विचारलं. फोटोतल्याच होत्या, थोड्या जाड झाल्यात फक्त. बहिणीने मग सगळं सांगितलं, गोळ्यांचं पण. रिपोर्ट कॉल चालू असतानाच अपलोड केले. चाळीस मिनिटं बोलल्या. प्रिस्क्रिप्शनवर तोच क्रमांक आलाय, मी ओळीला ओळ लावून बघितला.

मोरपंखी
माझा एक प्रश्न. मी ज्या ठिकाणी दाखवते तिथे व्हिडिओ नसतोच, फक्त चॅट. डॉक्टरांचा क्रमांक खरा आहे, हॉस्पिटलने पण हो सांगितलं. पण चॅटवर प्रत्यक्ष टाइप कोण करतंय ते कसं कळणार? उत्तरं कधी कधी अर्ध्या मिनिटात येतात, रात्री दोनला पण.

टिपकागद
रात्री दोनला अर्ध्या मिनिटात उत्तर देणारा डॉक्टर मला तरी अजून भेटलेला नाही.

अबोली
मोरपंखी, नुसत्या चॅटवरून कळण्याचा खात्रीचा मार्ग माझ्याकडे नाही. मी पेशंट असते तर दोन मिनिटं व्हिडिओवर या म्हणून लिहिलं असतं. त्या तत्त्वांमध्ये हेही आहे की डॉक्टरची पात्रता पडताळण्याची सोय पेशंटला असली पाहिजे, तेव्हा मागायला संकोच नको. एकदा चेहरा आणि आवाज कळला की पुढचं चॅट चालेल. नाही म्हणाले तर कारण विचारा आणि इथे लिहा.

मोरपंखी
आत्ताच लिहिलंय त्यांना. यावेळी मात्र अर्ध्या मिनिटात उत्तर आलेलं नाही.